वाळवणाचं ऊन, सावळी कातडी आणि सनस्क्रीनची ट्यूब



चैत्र-वैशाख आला की आपल्या घराघरांत पापड, खिचिया, मंगोडी, सांडगे यांची गडबड सुरू होते. चातुर्मासात आणि तिथीला हिरवी भाजी नको, म्हणून वर्षाची बेगमी याच दोन महिन्यांत करून ठेवायची. गच्चीवर पातळं पसरायची, मंगोड्या घालायच्या, पापड उलटायचे, पाखरं हाकायची, मुंग्या लागत नाहीत ना ते पाहायचं. हे सगळं सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळात, म्हणजे ऊन सगळ्यात कडक असताना. आणि कोणाला म्हटलं की जरा जपा, तर ठरलेलं उत्तर मिळतं, "आपल्याला काय होतंय? ऊन गोऱ्या मडमांना लागतं."

हे उत्तर मला पटत नाही. उन्हानं भाजणं म्हणजे कातडी टोमॅटोसारखी लाल होणं, अशी आपली समजूत आहे आणि ती गोऱ्या कातडीची चित्रं पाहून झालेली आहे. सावळ्या किंवा गव्हाळ कातडीवर ती लाली दिसतच नाही किंवा अगदी पुसट दिसते. आपल्याकडे भाजल्याची खूण डोळ्यांना कमी आणि हाताला जास्त कळते. कातडी गरम लागते, ओढल्यासारखी होते, कपडा घासला की झोंबते, खाज सुटते. रंग लाल होण्याऐवजी काळपट किंवा जांभळट होतो, आणि चार-पाच दिवसांनी साल निघते. आपल्या कातडीतलं मेलॅनिन संरक्षण देतं हे खरं, पण किती? अगदी काळ्या, आफ्रिकी वंशाच्या कातडीलाही त्यातून मिळणारं संरक्षण साधारण एसपीएफ १३ इतकंच मोजलं गेलं आहे. आपली गव्हाळ कातडी त्याच्याही खाली. वैशाखातल्या चार तासांना ते पुरत नाही.

आमच्याच घरातलं उदाहरण सांगते. माझ्या जाऊबाई, वय सेहेचाळीस, रंग सावळा. नगरला आमच्या गच्चीवर एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मुगाच्या मंगोड्या घालत होत्या. सकाळी दहाला वर गेल्या, दीडला खाली आल्या, तीनला पुन्हा वर. डोक्यावर पदर होता, त्यामुळे चेहरा बराच वाचला. पण वाकून काम करताना पदर पुढे सरकतो आणि ब्लाउजचा मागचा मोठा गळा आकाशाकडे उघडा राहतो. मानेची मागची बाजू, पाठीचा तो अर्धगोल, कोपरापासून मनगटापर्यंतचे हात आणि पायांचे वरचे भाग, एवढं सगळं ऊन खात होतं. पुढच्या वेळी गच्चीवर जाल तेव्हा स्वतःकडे पाहा. आपल्या कपड्यांत ऊन लागायची जागा हीच असते. चेहऱ्याची काळजी सगळ्या करतात, पाठीची कोणी करत नाही.

साडेचारला त्या म्हणाल्या, "पाठ जरा ओढतेय गं." पाहिलं तर काही दिसलं नाही. मी हाताची मागची बाजू आधी त्यांच्या पोटाला लावली, मग पाठीला. पाठ चांगलीच तापलेली होती. दिव्याखाली ब्लाउजच्या कडेनं एक काळसर रेघ दिसत होती, झाकलेली कातडी आणि उघडी कातडी यांच्यामधली. मी म्हटलं, "भाभी, भाजलंय तुम्हाला."

इथे वेळेचं गणित समजून घ्यायला हवं, आणि आपल्या घरांत तर नक्कीच. ऊन लागल्याबरोबर त्रास होत नाही. तीन ते पाच तासांनी तो कळायला लागतो आणि बारा ते चोवीस तासांनी सगळ्यात जास्त होतो. म्हणजे संध्याकाळी जे "जरा ओढतंय" वाटतं, ते मध्यरात्री पाठ टेकू देत नाही. आणि आपल्यापैकी पुष्कळ जणींचा चौविहार असतो. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणी नाही, गोळी नाही. त्यामुळे जे काही पोटात जायचं आहे ते सूर्यास्ताच्या आत जायला हवं. एप्रिलअखेरीस आपल्याकडे सूर्यास्त सातच्या थोडा आधी होतो. साडेचारला कळलं म्हणून आमच्या हातात दोन-सव्वादोन तास होते.

त्या दोन तासांत आम्ही काय केलं? सगळ्यात आधी त्यांना सावलीत, पंख्याखाली बसवलं. ब्लाउज बदलून सैल, मऊ सुती कुडता घालायला दिला. मग गार करणं. यासाठी शॉवर सोडून पंधरा मिनिटं उभं राहायला सांगतात. आपल्याला इतकं पाणी वाहू देणं जिवावर येतं आणि त्याची गरजही नाही. अर्धी बादली साधं पाणी, माठाइतकं गार, त्यात जुन्या धोतराचा मऊ तुकडा भिजवून, हलका पिळून पाठीवर पसरायचा. तो तापला की पुन्हा भिजवायचा. असं दहा-पंधरा मिनिटं. घासायचं नाही, दाबायचं नाही. टॉवेलनं पुसायचं तेही टिपून. कातडी किंचित ओली असतानाच साधं, वास नसलेलं मॉइश्चरायझर लावायचं, म्हणजे ओलावा आत अडकतो. रात्री झोपेआधी आणि पहाटे हेच पुन्हा केलं. यात पोटात काही जात नाही, त्यामुळे पच्चक्खाणाला धक्का लागत नाही.

पाणी मात्र तेव्हाच प्यायला लावलं. भाजलेली कातडी शरीरातलं पाणी आपल्याकडे ओढून घेते आणि दिवसभर घाम गेलेला असतोच. उकळून गार केलेलं पाणी, त्यात साखर-मीठ घालून, थोडं थोडं करत सूर्यास्तापर्यंत एक-सव्वा लिटर. जेवण झाल्यावर पॅरासिटामॉलची पाचशेची एक गोळी. कुणी आयबुप्रोफेन घेतं. त्यानं सूज कमी होते, पण ती रिकाम्या पोटी घ्यायची नाही. ॲसिडिटीचा अल्सर, किडनीचा त्रास किंवा दमा असेल, किंवा दिवस गेलेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. आयंबील किंवा उपवास चालू असेल तर मी तिचं नावही काढणार नाही.

आता काय करू दिलं नाही, तेही सांगते, कारण त्यावर आमच्याकडे बरीच चर्चा झाली. पुतणी फ्रीजमधला बर्फ घेऊन आली. बर्फ आपल्याकडे बावीस अभक्ष्यांत मोजला आहे, तो तर खाण्याचा विषय झाला. पण भाजलेल्या कातडीवर बर्फ थेट धरला तर आधीच दुखावलेली कातडी थंडीनंही दुखावते. सासूबाईंनी टूथपेस्ट सुचवली. त्यातल्या मेंथॉलनं क्षणभर गार वाटतं आणि मग ती कातडी कोरडी करून चुरचुरवते. शेजारच्या काकींनी मध सांगितला. तो आपल्या घरात येत नाही, आणि ताज्या सनबर्नला त्याची गरजही नाही. कोरफडीचं म्हणाल तर ती अनंतकायात धरलेली आहे. खाण्याचं आणि लावण्याचं सारखंच मानायचं की नाही, यावर साध्वीजी महाराजांकडून वेगवेगळी उत्तरं ऐकली आहेत. तुमच्या गुरूंना विचारा. मला इतकंच म्हणायचं आहे की कोरफडीनं गार वाटतं, पण इलाज तिच्यावाचून अडत नाही. गार पाण्याची पट्टी, मॉइश्चरायझर आणि पिण्याचं पाणी एवढं पुरतं, आणि त्यात आपल्या नियमांच्या आड येणारं काहीच नाही.

सगळ्यात वाईट उपाय मात्र अगदी "शुद्ध घरगुती" म्हणून ओळखला जातो, तो म्हणजे लिंबू. टॅनिंग घालवायला लिंबाचा रस आणि बेसन. लिंबाच्या सालीत आणि रसात काही द्रव्यं असतात जी कातडीवर असताना ऊन पडलं की स्वतःच भाजतात. एक-दोन दिवसांनी फोड येतात आणि जिथे रस ओघळला त्याच आकाराचे काळे डाग उमटतात, ते महिनोन्‌महिने जात नाहीत. गच्चीवर लिंबाचं लोणचं घालताना हातावर रस उडतो, तोही धुऊन मगच उन्हात जावं.

फोड आले तर फोडू नयेत. वरची कातडी हीच त्याची पट्टी असते. साल निघायला लागली की ओढून काढू नये आणि उटण्यानं घासूही नये. मोठ्या भागावर फोड, ताप-हुडहुडी, उलटी, चक्कर, बोलण्यात गोंधळ, डोळे दुखून उघडेनासे होणं, यातलं काही दिसलं तर घरी बसायचं नाही. लहान मूल असेल तर त्याहून लवकर निघायचं. रात्री असं झालं आणि चौविहार असेल तर? पच्चक्खाणात आगार ठेवलेले आहेत, आणि असह्य पीडेत समाधी राखण्यासाठी औषध घेण्याची सूट त्यांतच आहे. ज्यांनी सूत्रं रचली त्यांनी आजारी श्रावक-श्राविकेचा विचार आपल्याआधी केलेला आहे. सकाळची वाट पाहत चक्कर अंगावर काढणं ही तपस्या नाही, असं माझं ठाम मत आहे.

जाऊबाईंचं दुखणं तिसऱ्या दिवशी उतरलं. आठवड्यात साल निघून गेली. मागे राहिला तो पाठीवरचा काळपट अर्धगोल, आणि तो दिवाळीपर्यंत होता. आपल्या कातडीचं खरं दुखणं हेच आहे. गोऱ्या कातडीला ऊन सुरकुत्या लवकर देतं. आपल्याला सुरकुत्या उशिरा येतात, डाग आधी येतात. सावळ्या कातडीला कुठलीही इजा झाली, मग ती भाजण्याची असो, मुरुमाची असो की वॅक्सिंगची, की ती बरी होताना जास्तीचं मेलॅनिन सोडते. त्या डागावर पुन्हा ऊन पडलं की तो आणखी गडद होतो आणि मुक्काम वाढवतो. गालांवरचा वांग तर उन्हानं हमखास वाढतो. आणि त्यात फक्त अतिनील किरणांचा हात नसतो. आपल्याला दिसणारा उजेड, त्यातही निळसर भाग, सावळ्या कातडीत डाग वाढवतो, हे आता चांगलं सिद्ध झालेलं आहे.

या शेवटच्या गोष्टीमुळेच आपली सनस्क्रीन निवडण्याची रीत वेगळी असायला हवी. दुकानातली बहुतेक सनस्क्रीन अतिनील किरण अडवतात, दिसणारा उजेड आरपार जाऊ देतात. तो उजेड अडवतं ते आयर्न ऑक्साइड, म्हणजे लोहाचं खनिज. गेरूचा रंग ज्यामुळे असतो तेच. ते घातलेलं सनस्क्रीन मातकट, तपकिरी रंगाचं असतं आणि डब्यावर "टिंटेड" लिहिलेलं असतं. वांग किंवा जुने डाग असतील तर माझं मत सरळ आहे, टिंटेडच घ्या. त्यात आणखी एक सोय होते. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेलं साधं सनस्क्रीन आपल्या रंगावर राखेसारखं पांढुरकं दिसतं आणि मग आपण लाजून ते कमी लावतो. टिंटमुळे तो पांढरेपणा लपतो. फक्त आपल्या रंगाशी जुळणारी छटा हवी. मनगटावर लावून पाहू नका, जबड्याच्या कडेला लावा आणि दुकानाच्या दारात येऊन दिवसाच्या उजेडात पाहा. डाग नसतील आणि नुसतं उन्हापासून जपायचं असेल तर पारदर्शक लागणारं, रासायनिक फिल्टर असलेलं सनस्क्रीनही चालतं.

बाकी लेबलवर तीन गोष्टी पाहा. एसपीएफ ३० किंवा जास्त, "ब्रॉड स्पेक्ट्रम" हे शब्द, आणि पीए पुढे निदान तीन अधिक चिन्हं. एसपीएफ फक्त भाजवणाऱ्या यूव्हीबी किरणांचा हिशेब सांगतो. पीए सांगतो तो यूव्हीएचा. हे किरण काचेतून आत येतात आणि डाग पाडतात. एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी अडवतं आणि ५० साधारण ९८ टक्के, म्हणून शंभराच्या मागे धावून जास्त पैसे घालवू नका. ते पैसे जास्त लावण्यात घाला. चेहरा आणि गळ्यासाठी दोन बोटांवर टोकापासून मुळापर्यंत ओढलेल्या दोन रेघा, मानेची मागची बाजू आणि ब्लाउजच्या गळ्याला आणखी दोन. बाहेर जायच्या पंधरा मिनिटं आधी, आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. घरच्या हिशेबात सांगायचं तर दिवसातून एकदाच फक्त चेहऱ्याला आणि गळ्याला लावलं तरी पन्नास ग्रॅमची ट्यूब महिना-दीड महिन्यात संपायला हवी. तुमची संक्रांतीला घेतलेली ट्यूब पर्युषणाला अर्धी भरलेली असेल, तर तुम्ही सनस्क्रीन लावत नाही, सनस्क्रीनचा वास लावता.

आता आपला प्रश्न, आत काय आहे? सौंदर्यप्रसाधनांवर हिरवा ठिपका असतोच असं नाही, म्हणून मागची बारीक अक्षरं वाचावी लागतात. बीजवॅक्स किंवा "सेरा अल्बा" म्हणजे मधमाशीचं मेण. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चरबी. स्क्वॅलेन ऑलिव्हचंही असतं आणि शार्कच्या यकृताचंही, लेबलवर ते कळत नाही, तेव्हा कंपनीला विचारावं. टिंटेड घेताना एक शब्द लक्षात ठेवा, कार्माइन, किंवा सी.आय. ७५४७०. हा किड्यांपासून काढलेला लाल रंग आहे. आयर्न ऑक्साइडचे क्रमांक सी.आय. ७७४९१, ७७४९२ आणि ७७४९९ असे असतात, ते निव्वळ खनिज, निर्धास्त राहा. "व्हीगन" लिहिलेलं घेतलं तर हा शोध बराचसा वाचतो. प्राण्यांवर सौंदर्यप्रसाधनांची चाचणी करायला आपल्या देशात २०१४ पासून बंदी आहे, हेही सांगून ठेवते.

काही जणी म्हणतात, हा शृंगार झाला, पौषधात किंवा पर्युषणात कसं लावायचं? नका लावू. पौषधात तुम्ही स्थानकात बसलेल्या असता, तिथे ऊन कुठलं? आणि सनस्क्रीन हा मुळात दुसरा उपाय आहे, पहिला कपडा. पूर्ण बाह्यांचा, बंद गळ्याचा, घट्ट विणीचा सुती कुडता गच्चीवरच्या कामासाठी वेगळा ठेवा. कापड उजेडासमोर धरा, पलीकडचं दिसत असेल तर ऊनही आत येतं. पातळ पांढरं मलमल, तेही घामानं भिजलेलं, अगदीच कुचकामी. गडद रंगाची खादी त्याच्या कितीतरी पट चांगली. आणि सावली पाहा. तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हा वर जाऊ नका. मंगोड्या साडेआठच्या आत घालून व्हाव्यात, वर जाळीदार कापड घालावं, म्हणजे पाखरांसाठी बसून राहायला नको आणि जीवही पडत नाहीत. उलटायला आणि उचलायला साडेचारनंतर जावं.

एका गोष्टीचा मला मनापासून राग आहे. आपल्याकडे सनस्क्रीन "गोरं करणारं" म्हणून विकलं जातं आणि आपण मुलीचं लग्न ठरवताना ते घेतो. सनस्क्रीन रंग बदलत नाही, बदलूही नये. आणि जे क्रीम पंधरा दिवसांत उजळ करतं, त्याच्या ट्यूबवर मोमेटासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासॉल ही नावं आहेत का ते पाहा. ही स्टेरॉइडं आहेत. डॉक्टरांनी ठरावीक दिवसांसाठी दिली तर औषध, पार्लरवालीनं किंवा मैत्रिणीनं सांगून महिनोन्‌महिने चेहऱ्याला लावली तर कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, लव वाढते, मुरूम उठतात आणि ऊन मुळीच सोसत नाही. लावणं बंद केलं की चेहरा पेटल्यासारखा होतो, म्हणून त्या पुन्हा लावतात. असं कुणी वापरत असेल तर तिनं एकदम न थांबवता त्वचेच्या डॉक्टरांना गाठावं.

कॅन्सरचं विचारतात म्हणून सांगते. उन्हामुळे होणारा कातडीचा कॅन्सर आपल्या रंगात पुष्कळ कमी आढळतो, त्याची भीती घालून मी ट्यूब विकणार नाही. सावळ्या लोकांत मेलॅनोमा झालाच तर बहुधा तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो, आणि त्याचा उन्हाशी संबंध नसतो, म्हणून सनस्क्रीन त्याला अडवत नाही. आपण अनवाणी दर्शनाला जातो, विहारसेवेत चालतो, तळव्यांना घट्टे पडलेले असतात आणि त्यात एखादा वाढता काळा डाग सहज लपतो. महिन्यातून एकदा पाय धुताना तळवे पाहा, आणि नखात नवी काळी उभी रेघ दिसली तर दाखवून घ्या.

ट्यूब गच्चीच्या जिन्यात, उन्हात ठेवू नका. उष्णतेनं ती खराब होते, पाणी आणि तेल वेगळं झालेलं दिसलं की फेकायची. तारीख उलटलेलीही वापरायची नाही.